थंडीत केस उभे राहतात, डोक्यातून भुगा पडतो, टोकं तुटतात. तेल चोपडण्याआधी हे ओळखा

दिवाळी सरली की निफाड, दिंडोरी, सिन्नर, येवल्याकडे हवा कोरडी व्हायला लागते. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या येतात आणि द्राक्षबागेत थंडीपासून घड वाचवायला पहाटे शेकोट्या पेटतात. याच दिवसांत घरोघरी तीन तक्रारी सुरू होतात. कंगवा फिरवला की केस कंगव्यामागे उभे राहतात. काळ्या स्वेटरच्या खांद्यावर पांढरा भुगा दिसतो. आणि वेणीच्या शेवटाला केसांना दोन-दोन तोंडं फुटून ते तुटायला लागतात.

तिन्हींवर एकच उपाय केला जातो, तो म्हणजे डोक्याला भरपूर तेल. काही घरांत त्याने बरं वाटतं, काही घरांत त्याच तेलाने त्रास दुप्पट होतो. कारण डोक्यातून पडणारा भुगा दोन प्रकारचा असतो आणि दोघांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. म्हणून आधी ओळख, मग उपाय.

थंडीत केसांचं नेमकं काय होतं?

केस हा मेलेला धागा आहे. जिवंत भाग असतो तो डोक्याच्या कातडीच्या आत, मुळाशी. बाहेर आलेल्या केसाला खाऊ घालता येत नाही, त्याला फक्त सांभाळता येतं. या धाग्यावर बारीक खवले असतात, कौलारू घरावर कौलं बसवावीत तसे एकावर एक. कौलं नीट बसलेली असली की केस गुळगुळीत लागतो. ती उचकटली की केस खरखरीत होतो आणि एकमेकांत अडकतो.

केस हवेतलं पाणी शोषतो आणि सोडतोही. हवा दमट असली तर केसात पाणी जास्त राहतं, हवा कोरडी झाली की ते उडून जातं. पावसाळ्यात केस फुगतात आणि हिवाळ्यात काडीसारखे होतात, ते यामुळेच.

आता प्रश्न असा पडतो की पहाटे तर दव पडतं, धुकं असतं, मग हवा कोरडी कशी? याचं उत्तर एका साध्या हिशेबात आहे. थंड हवेत पाणी मावतच कमी. दहा अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साडेनऊ ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ मावते. पहाटे आर्द्रता ८० टक्के असेल तर प्रत्यक्षात तिथे साडेसात ग्रॅम वाफ असते. दुपारी तीच हवा तापून २८ अंशांवर जाते. २८ अंशांच्या हवेत सत्तावीस ग्रॅम वाफ मावू शकते, पण हातात आहेत साडेसातच. म्हणजे आर्द्रता उरली २८ टक्क्यांच्या आसपास. पाणी तेवढंच आहे, पण हवेची तहान वाढली. ती तहान मग ओठ, टाचा, डोक्याची कातडी आणि केस यांच्यावर भागते.

यातून एक कामाची गोष्ट कळते. आपल्याकडे केसांना खरा कोरडेपणा पहाटेच्या थंडीत नाही, तर दुपारच्या उन्हात आणि वाऱ्यात लागतो. थंडी वाजत नसते म्हणून दुपारी डोकं उघडं राहतं आणि नुकसान तेव्हाच होतं.

कंगव्यामागे केस का धावतात?

दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की दोन्हींवर विजेचा बारीक भार जमतो. कंगवा आणि केस, कानटोपी आणि केस, ब्लँकेट आणि केस, सगळीकडे हेच होतं. पावसाळ्यात हवेत आणि केसात ओलावा असतो, त्यातून हा भार लगेच निघून जातो. हिवाळ्यात जायला वाट मिळत नाही. सगळ्या केसांवर एकाच जातीचा भार जमतो, म्हणून ते एकमेकांना ढकलतात आणि उभे राहतात. अंधारात ब्लँकेट ओढताना चटचट आवाज येऊन ठिणगी दिसते तीही हीच. तिने कुणाला इजा होत नाही.

यावर झटपट उपाय सोपे आहेत. प्लास्टिकच्या कंगव्याऐवजी लाकडी फणी वापरावी, तिने भार कमी तयार होतो. केस उभे राहिले असतील तर तळहात किंचित ओले करून केसांवरून फिरवावेत. किंवा खोबरेल तेलाचे एक-दोन थेंब तळव्यांवर चोळून ते हात फक्त वरवर फिरवावेत. लोकरीची किंवा नायलॉनची कानटोपी घालायची असेल तर आत आधी सुती रुमाल बांधावा. उशीला सुती अभ्रा घालावा.

केस रोजच उभे राहत असतील तर मात्र समजावं की केसांची कौलं उचकटली आहेत. तिथे कंडिशनर लागतं, त्याबद्दल पुढे येईलच.

भुगा सुका की कोंडा? इथेच बहुतेकांची चूक होते

पहिला प्रकार म्हणजे सुकी कातडी. थंडीत हातापायाची कातडी उलते, तशीच डोक्याचीही उलते. पडणारा भुगा बारीक, पांढरा आणि कोरडा असतो, खडूच्या भुकटीसारखा. कातडी ताणल्यासारखी वाटते, फार लाल नसते. सोबत पायाच्या नळ्यांवर आणि हातांवरही पांढऱ्या रेघा उमटतात. खूप गरम पाण्याने अंघोळ केली की त्रास वाढतो.

दुसरा प्रकार म्हणजे खरा कोंडा. आपल्या सगळ्यांच्याच डोक्यावर एक बारीक बुरशी राहते. ती कातडीतून सुटणाऱ्या तेलकट स्रावावर जगते. काही जणांची कातडी तिला सोसत नाही, मग तिथली कातडी भराभर सुटायला लागते. या कोंड्याच्या खपल्या मोठ्या, पिवळसर आणि तेलकट असतात, नखात अडकतात. खाज जास्त असते. डोक्याबरोबर भुवया, नाकाच्या बाजूच्या घड्या, कानांमागची जागा इथेही लाली आणि खवले दिसतात. हाही त्रास हिवाळ्यात वाढतो, म्हणूनच लोक त्याला कोरडेपणा समजतात.

घरी ओळखायची एक रीत आहे. रात्री झोपताना डोक्याच्या एका बाजूला, कातडीवर, चमचाभर खोबरेल तेल हलक्या हाताने लावा. सकाळी सौम्य शॅम्पूने डोकं धुवा आणि दोन दिवस वाट पाहा. तेल लावलेल्या बाजूचा भुगा दोन दिवसांनीही कमीच असेल, कातडी मऊ वाटत असेल, तर ती सुकी कातडी. दुसऱ्याच दिवशी तिथे पुन्हा खाज सुटली आणि खपल्या चिकट झाल्या, तर तो बहुधा कोंडा. या बुरशीला तेलातली चरबी म्हणजे खाद्यच. शेताला खत घालावं तसं आपण तिला तेल घालत असतो.

सुक्या कातडीला धुणं कमी आणि तेल माफक हवं. कोंड्याला धुणं वाढवायला हवं आणि कातडीवरचं तेल बंद. दोन्ही उपाय उलटे आहेत ते असे.

आणखी एक पांढरी वस्तू फसवते, ती म्हणजे उवांच्या लिखा. भुगा केसावरून फुंकरीने उडतो किंवा बोटाने सरकतो. लीख केसाला घट्ट चिकटलेली असते, नखाने ओढावी लागते. लिखा असतील तर कोंड्याचा कोणताही उपाय चालणार नाही. आणि उवांसाठी डोक्याला रॉकेल किंवा शेतातलं कीटकनाशक कधीही लावू नये. त्याने विषबाधा होऊन जीव जाऊ शकतो.

पाणी : बंब, बोअर आणि साबण

पहाटे बंबातलं कढत पाणी डोक्यावर घ्यायला बरं वाटतं. पण गरम पाणी कातडीवरचा नैसर्गिक तेलाचा पातळ थर धुऊन नेतं आणि मग कातडी उलते. अंगाला हवं तर गरम पाणी घ्या, डोक्यासाठी मात्र वेगळी बादली कोमट करा. हाताचं कोपर पाण्यात बुडवलं तर ते ना गरम ना गार लागलं पाहिजे. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी घरातल्या बाया असंच पाहतात, तेच माप मोठ्यांच्या डोक्यालाही.

दुसरी अडचण बोअरच्या पाण्याची. अनेक गावांत हे पाणी जड असतं. ओळखायचं असेल तर रिकाम्या बाटलीत अर्धं पाणी भरून त्यात अंघोळीच्या साबणाचा लहान तुकडा टाका आणि जोरात हलवा. फेस नीट न धरता पाणी दुधाळ झालं आणि वर साय धरली, तर पाणी जड आहे. अशा पाण्यात साबणाने केस धुतले की तीच साय केसांवर बसते. केस चिकट आणि निस्तेज लागतात, मग आणखी साबण चोळला जातो.

शिवाय साबण खारट-तुरट, म्हणजे रसायनाच्या भाषेत अल्कधर्मी असतो. त्याने केसांची कौलं उघडतात. म्हणून कपड्याचा किंवा अंगाचा साबण केसांना लावू नये. शॅम्पूवर जड पाण्याची साय धरत नाही. शिकेकाई चालते, पण तिचा चोथा केसांत राहिला तर धुताना खसखस चोळावं लागतं आणि तोच भुगा वाटतो. ती उकळून, फडक्यातून गाळून फक्त पाणी वापरावं.

शेवटचे दोन तांबे पाणी पिण्याच्या फिल्टरचं किंवा नदी-पाटाच्या योजनेतून येणाऱ्या नळाचं मिळालं तर उत्तम. सगळी अंघोळ त्या पाण्याने करायची गरज नाही, शेवटचं खळखळवणं पुरेसं आहे.

धुवायचं कसं?

शॅम्पूची पुडी थेट डोक्यावर रिकामी केली की ती एकाच जागी बसते आणि तिथली कातडी कोरडी पडते. त्याऐवजी अर्धा तांब्या कोमट पाण्यात पुडी मिसळून ते पाणी कातडीवर ओतावं आणि बोटांच्या पेरांनी, नखं न लावता चोळावं. शॅम्पू कातडीसाठी असतो. लांब केसांची टोकं वेगळी चोळायची गरज नाही, वरून वाहणाऱ्या फेसाने ती स्वच्छ होतात. लांब केस डोक्यावर गोळा करून चोळण्याची सवय सोडावी, त्याने गुंता होतो आणि टोकं तुटतात.

किती वेळा धुवायचं, हे भुग्यावर ठरतं. सुकी कातडी असेल तर थंडीत आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा शॅम्पू पुरे. मधल्या दिवशी शेतातली धूळ बसली तर नुसत्या कोमट पाण्याने डोकं धुवावं. कोंडा असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा धुवावं, थंडी आहे म्हणून कमी करू नये.

धुण्याआधी खोबरेल तेल लावण्याची आपली जुनी रीत योग्य आहे. भारतीय संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. त्यात खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातून होणारी प्रथिनांची गळती कमी करतं, असं दिसलं. बाकीच्या दोन तेलांनी हा फायदा दाखवला नाही. कोंडा असणाऱ्यांनीही हे तेल केसांच्या खालच्या भागाला लावायला हरकत नाही, कातडीला मात्र नको. थंडीत खोबरेल तेल गोठतं, साधारण २४ अंशांच्या खाली. बाटली चुलीवर किंवा गॅसवर धरू नका, गरम पाण्याच्या तांब्यात पाच मिनिटं उभी करा.

कंडिशनर म्हणजे काय आणि ते कुठे लावायचं?

गावात शॅम्पूची पुडी सगळे घेतात, शेजारची कंडिशनरची पुडी मात्र चैनीची वस्तू वाटते. थंडीत ती जास्त कामाची आहे.

धुतलेल्या केसावर ऋण भार असतो. जिथे केस जास्त झिजलेला, तिथे तो जास्त. कंडिशनरमध्ये धन भाराचे पदार्थ असतात. ते ओल्या केसावर लावले की ओढले जाऊन चिकटतात, आणि सगळ्यात जास्त चिकटतात ते झिजलेल्या टोकांना. धुतल्यावरही त्यांचा पातळ थर मागे राहतो. या थराने दोन कामं होतात. केस एकमेकांवरून सहज घसरतात, त्यामुळे कंगवा अडकत नाही. आणि विजेचा भार जमत नाही, त्यामुळे केस उभे राहत नाहीत.

लावायची रीत अशी. शॅम्पू पूर्ण धुऊन टाका. केस हलके पिळा म्हणजे पाणी टपकणार नाही. खांद्यापर्यंतच्या केसांना एक पुडी पुरते, कमरेपर्यंतच्या केसांना दोन. कानाच्या खालच्या भागापासून टोकांपर्यंत लावा, कातडीला लावू नका. दोन मिनिटं तसंच ठेवा आणि याच वेळी जाड दातांच्या फणीने, टोकांपासून सुरुवात करून वर जात, गुंता काढा. मग धुवा. धुतल्यावर केस किंचित गुळगुळीत लागले पाहिजेत. बुळबुळीत लागत असतील तर अजून धुवा. दुसऱ्या दिवशी केस चापट आणि चिकट दिसले तर समजावं की जास्त झालं किंवा कातडीला लागलं. पुढच्या वेळी निम्मं घ्या.

कंडिशनर धुतल्यानंतर केस पंच्याने रगडू नयेत, झटकूही नयेत. ओला केस सुक्या केसापेक्षा कमजोर असतो, ताणला की लांबतो आणि तुटतो. सुती पंचा गुंडाळून पाणी टिपून घ्यावं आणि केस सावलीत मोकळे सोडावेत. ओले केस बांधून त्यावर टोपी घालून शेतात जाणं टाळावं.

तुटलेली टोकं जुळत नाहीत

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे साठ सेंटिमीटर लांब केसाचं टोक पाच वर्षांचं जुनं असतं. पाच हिवाळे, पाच उन्हाळे आणि शेकडो धुण्या त्याने सोसलेल्या असतात. तिथली कौलं निघून गेलेली असतात आणि आतला धागा उसवतो. यालाच दोन तोंडं फुटणं म्हणतात.

एकदा फाटलेलं टोक कोणत्याही तेलाने किंवा महागड्या मलमाने कायमचं जुळत नाही. कंडिशनरने ते तात्पुरतं चिकटून दिसतं, पुढच्या धुण्याला सुटतं. आणि फाटलेला केस दोरीसारखा वर वर उसवत जातो. त्यामुळे थंडी सुरू होतानाच फाटलेल्या जागेच्या वर एक सेंटिमीटरवर कापून घेणं हाच उपाय. केस कापले म्हणजे वाढ थांबत नाही, कारण वाढ मुळाशी होते. फाटके केस वाढवत बसलं तर ते वरून वाढतात तितकेच खालून तुटतात आणि वेणी वर्षभर तेवढीच राहते.

एक घर, दोन डोकी, दोन उपाय

हे प्रत्यक्षात कसं जमवायचं, ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, निफाड तालुक्यातल्या एका घरात आई द्राक्षबागेत कामाला जाते आणि मुलगी आठवीत आहे. दोघींच्या डोक्यातून डिसेंबरपासून भुगा पडतोय. आजी दोघींनाही रोज रात्री तेल चोळून देते आणि आठवड्यातून एकदाच, रविवारी, बंबाच्या पाण्याने डोकं धुवायला लावते.

पंधरा दिवसांत मुलीचं थोडं बरं होतं, आईचं मात्र बिघडतं. आईच्या खपल्या पिवळसर आहेत, कानांमागे लाली आहे, रात्री खाजेने झोपमोड होते. हा कोंडा आहे. मुलीचा भुगा बारीक आहे आणि तिच्या पायाच्या नळ्याही पांढऱ्या पडल्यात. ही सुकी कातडी.

मुलीसाठी उपाय असा. रविवारी धुण्याआधी तासभर चमचाभर कोमट खोबरेल तेल कातडीला आणि केसांना. मग कोपराने पाहिलेल्या कोमट पाण्याने, पाण्यात मिसळलेल्या अर्ध्या पुडी सौम्य शॅम्पूने एकदाच धुणं. टोकांना कंडिशनर. बुधवारी नुसतं पाणी. रोजचं रात्रीचं तेल बंद, कारण त्यावर धूळ बसते आणि मग जास्त शॅम्पू लागतो. दोन आठवड्यांत भुगा जायला हवा.

आईसाठी उपाय वेगळा. कातडीचं तेल पूर्ण बंद. मेडिकलमधून दोन टक्के किटोकोनाझोल असलेला शॅम्पू आणायचा. रविवारी आणि बुधवारी किंवा गुरुवारी, असा आठवड्यातून दोनदा तो ओल्या कातडीवर लावून तीन ते पाच मिनिटं ठेवायचा आणि मग धुवायचा. लावून लगेच धुतला तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. बहुतेकांना गुण येत नाही त्याचं कारण हेच असतं. असं दोन ते चार आठवडे करायचं. कोंडा गेला की आठवड्या-पंधरवड्यातून एकदा तोच शॅम्पू, म्हणजे परत येणार नाही. या शॅम्पूने केस कोरडे पडतात, म्हणून प्रत्येक वेळी नंतर कानाखालच्या केसांना कंडिशनर लावायचंच. बागेत जाताना डोक्याला सुती रुमाल, त्यावर हवं तर टोपी.

गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायांनी आणि लहान मुलांसाठी हा शॅम्पू आणण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

घरातली हवा दमट करावी का?

थंडीत खोलीत पाण्याची भांडी ठेवा, असा सल्ला मोबाईलवर सगळीकडे फिरतो. तो थंड देशांतला आहे. तिथे दिवसरात्र घर तापवतात, त्यामुळे आतली हवा वाळवंटासारखी होते. आपल्याकडे बहुतेक घरं तापवली जात नाहीत. वर काढलेल्या हिशेबातली साडेसात ग्रॅम वाफेची हवा रात्री १८ अंशांच्या खोलीत असेल, तर तिची आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या जवळ जाते. ती पुरेशी आहे. त्यात माणसांच्या श्वासाची वाफ मिसळते ती वेगळीच. अशा घरात काही करायची गरज नाही.

गरज पडते ती विजेचा हीटर लावलेल्या बंद स्लॅबच्या खोलीत. आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत असेल तर ठीक. ३० च्या खाली जात असेल तरच उपाय करावा.

त्यासाठी किती पाणी लागतं? दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली पंचवीस अंशांवर ३० वरून ४५ टक्क्यांवर न्यायला जेमतेम शंभर मिली पाणी हवेत जावं लागतं, म्हणजे अर्धा पेला. पण दाराखिडकीच्या फटींतून हवा बदलत राहते, म्हणून रात्रभरात अर्धा ते एक लिटर लागू शकतं. बादलीभर पाणी कोपऱ्यात ठेवून फारसं उडत नाही, कारण त्याचा पृष्ठभाग लहान. पिळलेला ओला टॉवेल किंवा धुतलेलं सुती लुगडं दोरीवर पसरलं की काम होतं. दार उघडं असलेल्या घरात किंवा पडवीत मात्र हा उपाय निरुपयोगी, वाफ बाहेर निघून जाते.

जास्त झालं तर तेही ओळखा. सकाळी खिडकीच्या काचेवर पाण्याचे थेंब, भिंतीच्या कोपऱ्यात काळे ठिपके, कुबट वास, ही खूण आहे. दम्याच्या माणसाला त्याचा त्रास होतो. ज्या खोलीत गहू, डाळीची पोती आहेत तिथे ओले कपडे टांगू नका, धान्याला बुरशी आणि कीड लागते.

आणि सर्वांत महत्त्वाचं, पाणी उकळायला किंवा ऊब यायला बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपू नका. बाळंतिणीच्या खोलीत तर नकोच. जळत्या कोळशातून रंग-वास नसलेला विषारी वायू निघतो आणि झोपेतच जीव घेतो. शेगडी घ्यायचीच असेल तर दार-खिडकी उघडी हवी आणि झोपण्याआधी ती बाहेर काढून ठेवावी.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

औषधी शॅम्पू चार आठवडे नीट वापरूनही कोंडा कमी झाला नाही तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. चांदीसारख्या जाड खपल्या असतील आणि तशाच कोपरांवर, गुडघ्यांवरही असतील, तर तो सोरायसिस असू शकतो. त्याचा उपचार वेगळा.

लहान मुलाच्या डोक्यावर गोल चट्टा पडला, तिथले केस मुळाजवळ तुटले आणि खवले दिसले, तर तो कोंडा समजून तेल-शॅम्पूत वेळ घालवू नका. तो बहुधा गजकर्ण असतो आणि डोक्यावरच्या गजकर्णाला पोटात घ्यायचं औषध लागतं, नुसतं मलम पुरत नाही. उशीर झाला तर तिथे पू होऊन कायमचं टक्कल पडू शकतं. घरातल्या इतर मुलांनाही तो लागतो, म्हणून फणी, टोपी, टॉवेल वेगळे करा.

केस टोकाशी न तुटता मुळासकट, झुपक्याने गळत असतील तर ते थंडीमुळे नाही. रक्त कमी असणं, थायरॉइड, मोठा ताप किंवा बाळंतपणानंतरचे तीन-चार महिने ही त्याची नेहमीची कारणं. गळालेल्या केसाच्या टोकाला पांढरी बारीक गाठ दिसली तर तो मुळापासून आला आहे, गाठ नसेल तर मध्येच तुटला आहे. तुटणाऱ्याला फणी आणि कंडिशनर, गळणाऱ्याला रक्ताची तपासणी.